साइन नियम वापरताना एकाच माहितीवरून दोन त्रिकोण का मिळतात?

प्रश्न: दोन बाजू आणि त्यांच्यामध्ये नसलेला एक कोन दिला होता. साइन नियमाने मला एक उत्तर मिळाले, पण पुस्तकात दोन त्रिकोण दिले आहेत. दुसरा कुठून आला, आणि तो कधी असतो हे कसे ओळखायचे?

उत्तर: A = 30°, a = 6 आणि b = 10 असा त्रिकोण घेऊ. साइन नियमानुसार sin B = 10 × 0.5 ÷ 6 = 0.8333 येते. येथे कॅल्क्युलेटर 56.44° एवढेच दाखवतो, कारण sin⁻¹ चे उत्तर कधीही 90° च्या पुढे जात नाही. परंतु 180° − 56.44° = 123.56° या विशालकोनाचा साइनही तेवढाच असतो. हा दुसरा कोन A मध्ये मिळवला तरी बेरीज 153.56° होते, म्हणजे तिसऱ्या कोनासाठी 26.44° शिल्लक राहतात, आणि म्हणून तो त्रिकोणही खरा आहे. पहिल्या त्रिकोणात C = 93.56° आणि c ≈ 11.98, तर दुसऱ्यात C = 26.44° आणि c ≈ 5.34.

अशा वेळी मी स्वतः कोसाइन नियम पसंत करतो, कारण त्यात दुसरे उत्तर लपून राहूच शकत नाही. a² = b² + c² − 2bc cos A मध्ये किमती घातल्या की c हे एकच अज्ञात उरते:

c² − 17.32c + 64 = 0

या वर्गसमीकरणाची मुळे 11.98 आणि 5.34 हीच आहेत. त्रिकोण किती, हे ठरवणारी कसोटीही याच समीकरणात आहे. त्याचा विवेचक 4(a² − b² sin² A) इतका होतो. म्हणून A लघुकोन असताना a ही b sin A पेक्षा, म्हणजे येथे 5 पेक्षा, लहान असेल तर त्रिकोण तयारच होत नाही, आणि नेमकी 5 असेल तर एकच काटकोन त्रिकोण मिळतो. मुळांचा गुणाकार b² − a² असल्यामुळे a ही b पेक्षा मोठी असेल तर एक मूळ ऋण येते. बाजूची लांबी ऋण नसते, म्हणून एकच त्रिकोण उरतो. दोन त्रिकोण मिळतात ते फक्त a ही 5 आणि 10 यांच्या दरम्यान असताना. A विशालकोन किंवा काटकोन असेल, तर a ही b पेक्षा मोठी असल्याशिवाय त्रिकोणच होत नाही, आणि झाला तर तो एकच असतो.

हाच धोका तिन्ही बाजू माहीत असतानाही उद्भवतो, जरी तेथे त्रिकोण एकच असतो. 6, 10 आणि 5.34 या बाजूंच्या त्रिकोणात आधी A काढून मग B साठी साइन नियम लावला, तर कॅल्क्युलेटर पुन्हा 56.44° हेच चुकीचे उत्तर देईल. त्याऐवजी सर्वांत मोठ्या बाजूसमोरचा कोन आधी कोसाइन नियमाने काढावा: cos B ≈ −0.553 येते, ऋण चिन्हावरूनच कोन विशाल असल्याचे कळते आणि B = 123.56° मिळतो. उरलेले दोन्ही कोन मग लघुकोनच असणार, त्यामुळे तेथे साइन नियम निःशंकपणे वापरता येतो.