दूध पचत नाही की दुधाची अ‍ॅलर्जी आहे?

ताई, बाळाला "दूध सोसत नाही" एवढ्यावर थांबू नका. दूध प्यायल्यावर तासा-दोन तासांनी पोट फुगतं, गॅस होतात, जुलाब होतात, पण वाटीभर दही चालतं, असं असेल तर बहुधा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नाही. त्रास होतो, पण जिवाला धोका नसतो. किती प्यायलं यावर सगळं अवलंबून. मात्र हे मोठ्या मुलांत आणि मोठ्यांत जास्त दिसतं, तान्ह्यात क्वचितच.

अ‍ॅलर्जी दुधातल्या प्रथिनांची असते. चमचाभर खिरीनेही काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. अशा मुलाला लॅक्टोज-फ्री दूध दिलं तर घात होतो, कारण त्यातली साखर मोडलेली असते, प्रथिनं तशीच असतात. म्हशीचं, शेळीचं दूधही नको. प्रथिनं जवळपास सारखीच. साजूक तुपातही अंश राहतो. बिस्किटाच्या पुड्यावर 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे', 'केसिन' शोधा.

श्वास घरघरला, आवाज बसला किंवा मूल मलूल पडलं तर पोटाच्या औषधात वेळ घालवू नका. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर लगेच मांडीत द्या आणि १०८ ला फोन करा.