स्क्रू विकू नको, आधी वाच

भाऊ, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा व्हिडिओ गेम सुरू केलास ना, तर एकच सवय लाव: सामान विकायच्या आधी त्याचं वर्णन वाच. नवीन पोरं गार्डियन नावाच्या मोडक्या लढाऊ यंत्रांचे स्क्रू पहिल्याच दुकानात विकून मोकळी होतात. त्या स्क्रूबद्दल लिहिलंय, कितीही फिरवा, आटे झिजत नाहीत. (आपल्या ट्रॅक्टरचे बोल्ट असे असते तर!) ही 10,000 वर्षांपूर्वीच्या शीका जमातीची कारागिरी. गेममधल्या अक्काला प्रांतातल्या प्रयोगशाळेत असे 2 स्क्रू, 1 शाफ्ट, 1 साधा बाण आणि गेमच्या चलनातले 90 रुपी दिले, की गार्डियनलाच संपवणारा बाण मिळतो.

आता हायरूल किल्ल्यातली रॉयल गार्डची तलवार बघ. मारा 48, पण लवकर मोडते. वर्णन सांगतं, शीकांनी प्राचीन तंत्रानं ती मुख्य शत्रू गॅननविरुद्ध घडवली, पण टिकत नाही म्हणून कामाची ठरली नाही. दोन्ही वर्णनं शेजारी ठेव. पूर्वजांची ताकद वंशजांना जमली, टिकाऊपणा नाही. माझ्या मते हायरूलचं राज्य का बुडालं याचा अर्धा उलगडा इथंच होतो.

म्हणून व्हिडिओ पाहून नुसती सामानाची यादी भरत बसू नको, वर्णनं वाच. चिलखताचं अपग्रेड सध्या राहू दे.