खणात सापडलेलं बी : आधी ओळख, मग पेरणी

प्रश्न (डिचोली) : सासूबाईंच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या खणात सुटं बी सापडलं. स्टीलच्या ताटात घेऊन फोटो पाठवते. काही मिरचीसारखं आहे, काही काळं चपटं, काही बारीक गोल आणि काही काळ्या काड्यांसारखं. कुठलं कशाचं? बियाणंवाला म्हणतो, सगळं औषधात भिजवून लगेच टाका.

उत्तर : ताई, काहीही भिजवू नका आणि टाकूही नका. त्यातलं एकही बी चावून किंवा चाखून बघू नका.

कारण ते मिरचीसारखं दिसणारं बी. धोतऱ्याचं बीही चपटं, पिवळट आणि जवळपास तेवढंच असतं. धोतऱ्याची झाडं आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि देवळांच्या आवारात असतात, त्यामुळे पूजेच्या फळातलं बी घरात येऊन पडणं अवघड नाही. ते विषारी आहे. ताजं मिरचीचं बी फिकट पिवळं असतं, पण जुनं झालं की तपकिरी पडतं, म्हणून रंगावर जाऊ नका. आकार आणि कड बघा. मिरचीचं बी पातळ, गुळगुळीत, चकतीसारखं, एका बाजूला बारीक चोच असलेलं. धोतऱ्याचं थोडं मोठं आणि जाड, कानाच्या पाळीसारखं, पृष्ठभागावर बारीक खड्डे, बाहेरच्या कडेला दुहेरी रेघ. भिंग असेल तर जुन्या ब्लेडने एक बी सपाट बाजूला समांतर कापा. मिरचीचा अंकुर आत वळलेला, इंग्रजी सहाच्या आकड्यासारखा दिसतो. धोतऱ्याचा टोकाशी बाहेर वळतो. ब्लेड टाकून द्या, हात साबणाने धुवा. शंका राहिली तर ती सगळी चिमूट पुरून टाका. कोणाच्या पोटात गेलं असेल आणि तोंड कोरडं पडणं, बाहुल्या मोठ्या होणं, असंबद्ध बोलणं दिसलं, तर घरगुती उपाय न करता थेट इस्पितळ गाठा.

मिरचीच असली, तरी ती हरमलची की खोल्याची हे बियावरून कोणी सांगू शकत नाही. सांगणारा माल खपवायला बसलाय. बियावरून फार तर पीक कळतं, वाण कळत नाही. सात शिरांच्या भेंडीचं बीसुद्धा इतर भेंडीसारखंच गोल असतं, शिरा फळाला येतात.

बाकीचं सोपं. काळं चपटं बी खडबडीत, खाचाखाचांचं असेल तर दोडका; गुळगुळीत आणि कडेला पातळ झालर असेल तर घोसाळं. काड्यांसारखं, एका टोकाला पेंढ्याच्या रंगाची शेंडी असलेलं झेंडूचं, बहुधा दसऱ्याच्या फुलांतलं. ते जुनं असलं की फारसं उगवत नाही, आणि संकरित फुलांतलं असेल तर तसंच फूल पुन्हा येत नाही. बारीक गोल बी मोहरी, कोबी की नवलकोल हे फोटोवरून मीही सांगणार नाही. स्वयंपाकघरातला खण आहे, फोडणीची मोहरी असण्याचीच शक्यता जास्त.

तुमच्या फोटोत ताट चमकतंय आणि शेजारी मापाला काही नाही. पांढऱ्या कागदावर, सावलीतल्या उजेडात, बाजूला रुपयाचं नाणं ठेवून पुन्हा फोटो काढा. प्रत्येक प्रकारचं बी वेगळं, दोन्ही बाजूंनी.

आता औषधाचं. बीजप्रक्रियेच्या बुरशीनाशकाची मात्रा साधारण किलोला दोन-तीन ग्रॅम असते. तुमच्याकडे मिरचीचं बी पाच ग्रॅम धरलं, तर औषध येतं ग्रॅमचा शंभरावा भाग. तो घरच्या चमच्याने मोजता येत नाही. लोक चमचाभर घालतात, कोंब जळतो आणि दोष बियाला लागतो. संप्रेरकाची बाटलीही घेऊ नका. मेलेलं बी कुठल्याही औषधाने जिवंत होत नाही. पुन्हा सांगतो, ओळख पटेपर्यंत औषध नाही. आणि गुलाबी किंवा निळा थर असलेलं बी दिसलं तर ते आधीच औषध लावलेलं आहे, स्वयंपाकघरातून बाहेर काढा.

ओळख पटली की उगवण तपासा. प्रत्येक प्रकारचे दहा दाणे पिळलेल्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा. दोडका, मोहरी आठवड्यात कळतात. मिरचीला दोन आठवडे द्या. पाचाहून कमी उगवले तर त्या बियावर वाफा अडवू नका. आपल्या दमट हवेत, चुलीजवळच्या खणात बी लवकर मरतं. मिरची पास झाली तरी भर पावसात उघड्यावर रोपं करू नका, कोलमडतील. पाऊस ओसरल्यावर वायंगणी मिरचीसाठी करा.

योजनेतलं बियाणं हवं असेल तर कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात जा.

माझा आग्रह मात्र घरच्या बियाचा. यंदा जे झाड चांगलं येईल, त्याचं एक फळ पूर्ण पिकेपर्यंत ठेवा. बी सावलीत वाळवा, कोरड्या चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर पीक, झाड कुठलं आणि महिना लिहा. चिठ्ठी नसलेलं बी माझ्याकडे आणू नका.