गवताचे छप्पर किती टिकते आणि आगीपासून कसे जपावे?

"कोकणात गावच्या घरामागे 5 बाय 3 मीटरची खोप घालायची आहे, एकपाखी, गवताने शाकारलेली. किती वर्षं टिकेल? आगीची भीती वाटते. टिकाऊ करायला काही औषध किंवा लेप असतो का?"

काहीच न करता शाकारलेत तर डोंगरी गवत दोन-तीन पावसाळे काढते, भाताचा पेंढा किंवा माडाचे झाप जेमतेम एक-दोन. युरोपात नळ-बोरूची छपरे तीस-चाळीस वर्षे जातात असे वाचले असेल. त्याचे कारण औषधात नाही, उतारात आणि जाडीत आहे. तिथे उतार 45 अंशांच्या वर असतो आणि थर फूटभर जाड, घट्ट दाबलेला. पाऊस वरचे दोन-तीन सेंटिमीटर भिजवून पागोळ्यांनी खाली उतरतो, आतले गवत कोरडे राहते. आपल्याकडे उतार कमी ठेवतात, गवतही विरळ पसरतात. मग पाणी आत मुरते, बुरशी धरते आणि छप्पर आतून कुजते. वासा जिथे गवताला टेकतो तिथे हात घालून पाहा: गवत काळे पडून चुरा होत असेल तर पुढचा पावसाळा धरू नका. म्हणून उतार निदान 40 अंशांचा घ्या. थर शक्यतो वीतभर ठेवा.

गळते म्हणून वर ताडपत्री घालायची सवय आता गावोगाव आहे. तिच्याखाली वाफ कोंडते आणि गवत उघड्यापेक्षा लवकर कुजते. शिवाय आग लागली तर वितळलेले प्लॅस्टिक खाली ठिबकते.

आग भडकायचे मुख्य कारण गवतात खेळणारी हवा आहे. विरळ पेंढी क्षणात भडकते, घट्ट बांधलेली वरवर धुमसते. त्यातून आपली शाकारणी चैत्र-वैशाखात, म्हणजे नेमकी राब भाजायच्या दिवसांत, आणि गवत वाळून कोळ झालेले. ठिणगी वरून पडते, चुलीची झळ खालून लागते. त्यामुळे लेप दोन्ही बाजूंना लागतो, एकाच बाजूला दिला तर अर्धे काम झाले.

रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने यासाठी पावसात न वाहणारा मातीचा गिलावा विकसित केला. मातीत पातळ केलेले डांबर मिसळायचे, बस. माती अशी घ्या की चिकणमाती साधारण पाव भाग आणि वाळू चार दशांशाच्या आसपास. काळी माती असेल तर भेगा पडतात, वाळू वाढवा. दर 30 किलो कोरड्या मातीला दोनेक किलो बारीक चिरलेला पेंढा घालून भिजवा, आठवडाभर कुजू द्या, रोज पायाने तुडवा.

डांबराचे प्रमाण वजनाने 100 भाग डांबर, 20 भाग रॉकेल, 1 भाग मेण. 30 किलो मातीला दीड किलो डांबर, 300 ग्रॅम रॉकेल, 15 ग्रॅम मेण. डांबर 80/100 ग्रेडचे, दुकानात आता व्हीजी-10 म्हणून मिळते. डांबर मेणासह वितळवा, भांडे विस्तवापासून लांब न्या आणि तिथे ते रॉकेलमध्ये ओतून ढवळा. रॉकेल चुलीवरच्या डांबरात ओतू नका, भडका उडतो. हे मिश्रण तयार मातीत घालून काळ्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत मळा. रेष राहिली की तिथला गिलावा कच्चा राहतो.

सैल गवतावर गिलावा धरत नाही. आधी थर खालून-वरून बांबूच्या कांबींनी दाबून सुंभाने आवळून बांधा, मगच वर साधारण 12 मिलिमीटर गिलावा द्या. 5 बाय 3 मीटरच्या खोपीचा पाखा 40 अंशांच्या उतारामुळे जवळपास 20 चौरस मीटर होतो, त्याला वरच्या बाजूलाच सुमारे 360 किलो कोरडी माती लागेल, म्हणजे 30 किलोच्या बारा घाण्या आणि अठरा किलो डांबर. खालून पातळ लेप पुरतो. वाळल्यावर चौरस मीटरला निदान 18 किलो भार वाढतो, ओला असताना त्याहून जास्त. वासे त्या हिशेबाने जवळ घ्या, नाहीतर वाकतील. वाळल्यावर पडलेल्या भेगा शेण, माती आणि थोड्या त्याच डांबराच्या गोबरीने बुजवा. दरवर्षी पावसाआधी ही गोबरी पुन्हा फिरवा, कारण भेगेतून शिरलेले पाणी गिलाव्याखाली अडकते आणि मग कुजणे बाहेरून दिसतही नाही.

औषध हवे असेल तर 100 लिटर पाण्यात 3 किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवा, त्यात बांबू आणि गवत भिजवून सावलीत वाळवा. भुंगा आणि वाळवी आवरते, गवत पेटही धीमे घेते. पण हे क्षार पावसात धुऊन जातात, त्यामुळे गिलाव्याखालच्या गवतालाच त्याचा उपयोग. मोरचुदाचेही तसेच, आणि तो लोखंडी बादली, तार खातो.

हे सगळे केले तरी छप्पर अग्निरोधक होत नाही. ठिणगी विझते, पसरणे मंदावते, माणसे-गुरे बाहेर काढायला वेळ मिळतो. चूल खोपीत ठेवणार असाल तर तिच्यावर मातीचा धुराडा करा, आणि विजेची उघडी वायर गवतातून नेऊ नका.