ऑपरेशनच्या आधी कोणती गोळी थांबवायची?

बाबांचा आयएनआर आणि प्लेटलेट काउंट दोन्ही नॉर्मल आहेत. मग सर्जन क्लोपिडोग्रेल बंद करायला का सांगतात? – दादर

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी. ती वॉर्फरिन किंवा एसिनोकुमारॉल घेणाऱ्यांसाठी असते. ही औषधं यकृतात तयार होणारे, रक्त गोठवणारे घटक कमी करतात. हृदयाचे ठोके अनियमित असले किंवा पायाच्या शिरेत गाठ झाली, की ती देतात. क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन त्या घटकांना हात लावत नाहीत. ती प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत. प्लेटलेट्सची संख्या तेवढीच राहते, काम मात्र मंदावतं. त्यामुळे दोन्ही रिपोर्ट चांगले असूनही ऑपरेशनमध्ये रक्त थांबेनासं होऊ शकतं. सर्जनना नुसते रिपोर्ट दाखवू नका, गोळ्यांची पाकिटंच दाखवा.

गोळी रोज एकदाच घ्यायची असते, मग आदल्या दिवशी बंद केली तर चालणार नाही का? – मुलुंड

नाही. औषध काही तासांत रक्तातून जातं, पण त्याने निकामी केलेली प्लेटलेट मरेपर्यंत निकामीच राहते. तिला केंद्रक नसतं, त्यामुळे ती बिघडलेला भाग नव्याने बनवू शकत नाही. प्लेटलेटचं आयुष्य 7 ते 10 दिवसांचं. रोज साधारण दहावा हिस्सा नवा येतो. पाच दिवसांत निम्म्याच्या आसपास प्लेटलेट्स ताज्या होतात आणि बहुतेक ऑपरेशनला तेवढ्या पुरतात. ऑपरेशन 20 तारखेला असेल, तर शेवटची क्लोपिडोग्रेल 14 तारखेला. दात काढायला किंवा मोतीबिंदूला बहुधा काहीच थांबवावं लागत नाही.

यजमानांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट घातलाय. आता गुडघा बदलायचाय. 'रक्ताची गोळी' बंद करा म्हणाले, म्हणून ती एकच कॅप्सूल थांबवली. बरोबर ना? – गिरगाव

ताई, आजच कॅप्सूलच्या पाकिटावरची नावं वाचा. आपल्याकडे अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन अशी तिन्ही औषधं एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात. तशी असेल, तर क्लोपिडोग्रेलबरोबर बाकीची दोन्हीही बंद झाली.

स्टेंट असलेल्याला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सहसा क्लोपिडोग्रेल थांबवतात आणि 75 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू ठेवतात. ऑपरेशनच्या ताणाने रक्त गोठण्याकडे झुकतं. अशा वेळी दोन्ही औषधं नसली, तर स्टेंटमध्ये गाठ होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. म्हणून हृदयरोगतज्ज्ञांना आजच फोन करा आणि त्यांच्याकडून अ‍ॅस्पिरिन व अ‍ॅटोरव्हास्टॅटिन वेगळी लिहून घ्या. भूलतज्ज्ञांनाही शेवटची कॅप्सूल कधी घेतली ते सांगा. पाठीत इंजेक्शन देऊन भूल देताना क्लोपिडोग्रेलचा अंमल उरला असेल, तर मज्जारज्जूभोवती रक्त साचून पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

क्लोपिडोग्रेल पुन्हा कधी सुरू करायची, ती तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नका. छातीत दुखलं किंवा दम लागला, तर ओपीडीची वाट न पाहता 108 ला फोन करा.