दोरी आधी मापाची करा

रत्नागिरीत पावसाळ्यात बाहेर धावणं बंद झालं की घरातच दोरीच्या उड्या माराव्या लागतात. दोरीच्या मधोमध एक पाय ठेवून उभे राहा. दोरी वर ताणून तिच्या दोन्ही मुठी काखेपर्यंत पोचल्या की माप बरोबर. लांब दोरी जमिनीवर लोळते, पायात अडकते, मग माणूस उगाच उंच उड्या मारायला लागतो. उडी एक इंच पुरे. दोरी मनगटातून फिरवा, कोपरं अंगालगत ठेवा. पंख्याखाली उभे राहू नका.

पायाचा आवाज ऐका. धपधप झालं तर टाच आपटतेय. खालच्या घरालाही त्रास आणि चार दिवसांत नडगी दुखणार. चवड्यावर उतरा, गुडघे किंचित सैल, पायाखाली रबरी मॅट. वीस सेकंद उड्या, चाळीस सेकंद जागच्या जागी चालणं, अशा आठ फेऱ्या सुरुवातीला भरपूर.

जिना चढण्या-उतरण्याचा व्यायाम एक दिवसाआड. चढताना अख्खं पाऊल पायरीवर टेकवा. गुडघ्याला खरा ताण उतरताना येतो, म्हणून कठडा धरून सावकाश उतरा. उघड्या जिन्यात पावसाची झड आत येऊन फरशीवर शेवाळ धरतं; त्या दिवशी जिना नकोच, दोरीच घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.