परदेशी पत्राचा स्क्रीनशॉट गटात टाकण्यापूर्वी

“दादा, मी सोलापूरहून शिक्षणासाठी जर्मनीला निघालो आहे. तेथील आरोग्यविमा कंपनीच्या पत्राचा स्क्रीनशॉट अर्थ विचारण्यासाठी आपल्या सोलापूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायचा आहे. त्यात काय झाकू आणि कसे?”

पत्राच्या वरच्या भागातील नाव, पत्ता आणि Geburtsdatum म्हणजे जन्मतारीख आपण झाकालच, परंतु Versichertennummer म्हणजे विमाधारक क्रमांक विसरू नका. एक अक्षर आणि नऊ अंक असा हा क्रमांक सरकारी आरोग्यविम्यात आयुष्यभर तोच राहतो, विमा कंपनी बदलली तरी बदलत नाही. झाकताना फक्त क्रमांक झाकावा आणि त्याच्या शेजारचे शीर्षक राहू द्यावे, म्हणजे तेथे कोणती माहिती होती हे उत्तर देणाऱ्याला समजते.

नजरेतून हमखास सुटते ती जागा मजकुरातच असते. Sehr geehrter Herr या अभिवादनापुढे आडनाव पुन्हा येते. आपल्या गटात तर आडनाव आणि ‘जुळे सोलापूर’ एवढे दोनच शब्द पुरतात, कोणीतरी ओळखतोच. पत्र ब्राउझरमध्ये उघडले असेल तर वरची पत्त्याची पट्टीही कापावी, कारण तिच्यात कधीकधी थेट आपल्या खात्यात नेणारी लिंक असते.

मूळ वाक्यांना मात्र हात लावू नये. Bitte reichen Sie den Nachweis bis zum 15.09. ein या वाक्यात १५ सप्टेंबरपर्यंत पुरावा सादर करण्याची सूचना आहे, आणि क्रियापदाचा एक तुकडा अगदी शेवटी आहे. शेजारचा क्रमांक झाकताना ओळीचे टोक किंवा तारीख झाकली गेली, तर वाचणाऱ्याला अंदाजच करावा लागतो.

झाकण्यासाठी हायलायटर वापरू नये. त्याची शाई काळी दिसली तरी बहुधा अर्धपारदर्शक असते आणि चित्राची उजळता वाढवली की खालचे अंक दिसू लागतात. चौकटी-चौकटींचा धूसरपणाही अंकांसाठी कच्चा आहे, कारण अंक दहाच असतात, टंक ठरलेला असतो आणि एकेक अंक तसाच धूसर करून ताडून पाहता येतो. म्हणून पूर्ण भरीव काळा आयत काढावा, उजळता कमाल करून स्वतः तपासावे आणि मग त्या चित्राचाच नवा स्क्रीनशॉट घेऊन तो पाठवावा. हा शेवटचा टप्पा अनावश्यक वाटेल, परंतु २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या संपादन साधनातील एक दोष उघड झाला होता, ज्यामुळे कापलेल्या चित्राचा काही भाग फाइलमध्येच उरत असे आणि परत मिळवता येत असे.

अक्षरे वाचता यावीत म्हणून पत्र आधी मोठे करून, गरज पडल्यास दोन भागांत, स्क्रीनशॉट घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी पर्याय निवडावा, नाहीतर दाबलेल्या चित्रात ü वरचे दोन ठिपके पुसट होतात आणि शब्द शोधणाऱ्याला तो शब्दकोशात सापडत नाही.